लावणी, इरलं आणि प्रॉम्प्ट: नववीच्या प्रकल्प गटांना पत्र

मुलांनो,

मंगळवारी संगणक कक्षात दुसऱ्या गटाने ‘कोकणातली लावणी’ एवढे दोनच शब्द लिहिले आणि पडद्यावर घुंगरू बांधलेली, नऊवारी नेसलेली नर्तकी आली. मागे नारळाची झाडं होती. मग तुम्ही ‘भातलावणी’ लिहिलंत, तर शंकूच्या आकाराच्या टोप्या घातलेल्या बायका आल्या, डोंगरउतारावरच्या हिरव्यागार पायऱ्यांवर उभ्या. तिसऱ्यांदा ‘इरलं घेतलेल्या बायका’ लिहिलं, तर प्रत्येकीच्या हातात छत्री. तेवढ्यात घंटा झाली आणि सांगायचं ते राहून गेलं. म्हणून हे पत्र. पुढच्या तासाला येण्याआधी सगळ्यांनी वाचा आणि वही जवळ ठेवा.

आपला प्रकल्प काय आहे ते एकदा आठवा. पन्नास वर्षांपूर्वी आपल्या भागात भात कसं लावत, हे तुम्ही आपापल्या आजीला विचारून लिहून आणलंय. त्या लिखाणाशेजारी लावायला प्रत्येक गटाला सहा चित्रं हवीत. तेव्हा लावणीच्या दिवसांत शेतात कॅमेरा घेऊन कोणी जात नव्हतं, त्यामुळे फोटो नाहीत. म्हणून आपण चित्र काढणारं एआय वापरतोय. चित्र नुसतं शोभेचं असून चालणार नाही. आजीने ते पाहिलं आणि ‘हो, असंच होतं’ म्हणाली, तरच ते फलकावर लागेल.

त्याला काय माहीत आहे आणि काय नाही

या साधनाला इंटरनेटवरची प्रचंड चित्रं आणि त्यांच्याखाली लिहिलेल्या ओळी दाखवून शिकवलेलं असतं. कोणत्या शब्दाबरोबर कोणते आकार, कोणते रंग येतात, एवढं ते त्यातून उचलतं. तुम्ही प्रॉम्प्ट दिलात की बहुतेक साधनं मुंग्या आलेल्या टीव्हीसारख्या ठिपक्यांच्या पडद्यापासून सुरुवात करतात आणि तुमच्या शब्दांच्या दिशेने तो गोंधळ थोडा थोडा साफ करत चित्रापर्यंत पोहोचतात.

आता विचार करा, त्या ओळींमध्ये बहुतेक इंग्रजी. भातलावणीचे फोटो व्हिएतनाम, बाली, थायलंड इथले भरपूर, कारण तिथे पर्यटक जातात. आपल्या लांजा-राजापूरकडच्या बांधावरचे किती असतील? त्यातून इरल्याचे किती? आणि असले तरी त्यांच्याखाली ‘इरलं’ हा शब्द लिहिलेला असेलच असं नाही. ओळखीचा शब्द मिळाला नाही की हे साधन थांबून विचारत नाही. पाऊस, शेत, बाई, डोक्यावर काहीतरी, या सगळ्यांच्या जवळचं जे माहीत असेल ते भरून टाकतं. म्हणून छत्री आली. नाव आपल्याला माहीत असतं, त्याला नसतं. तेव्हा नावाऐवजी वस्तू दिसते कशी ते सांगावं लागतं. या पत्रातलं बाकी सगळं याच एका गोष्टीतून निघतं.

मराठीत लिहायचं की इंग्रजीत, असं बऱ्याच जणांनी विचारलं. आपण शाळेत जे वापरतो ते मराठी वाक्यं नीट समजून घेतं, त्यामुळे मराठीतच लिहा. घरी कोणी जुनं साधन वापरत असेल तर मात्र अडचण येईल. 2022 साली खुलं झालेलं स्टेबल डिफ्युजन घ्या. त्याच्या पहिल्या आवृत्त्यांत मजकूर वाचण्याचं काम क्लिप नावाचा भाग करतो. तो मुख्यतः इंग्रजीवर शिकलेला आहे आणि एका वेळी 75 तुकडेच वाचतो. इंग्रजीतला साधा शब्द म्हणजे बहुधा एक तुकडा, पण देवनागरी शब्दाचे अनेक तुकडे होतात. म्हणजे मराठी परिच्छेद दिलात तर सुरुवातीचं थोडंसं वाचलं जातं, उरलेलं कापलं जातं, आणि वाचलेलंही त्याला फारसं कळत नाही. तिथे छोटी इंग्रजी वाक्यं लागतात.

आधी वही, मग पडदा

पहिली पायरी संगणकापासून दूरच करायची आहे. आजीने सांगितलेलं वाचा आणि त्यातलं डोळ्यांना दिसणारं तेवढं वेगळं काढा. ‘कंबर मोडून जायची’ हे लिखाणात सुंदर आहे, ते तिथेच राहू द्या. चित्राला लागतं ते हे: कमरेत वाकलेल्या, गुडघे किंचित दुमडलेले, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने दोन-तीन रोपं वेगळी करून चिखलात रोवायची.

बहुतेक गटांच्या वहीत इथेच पोकळी सापडेल. आजीने साडीचा रंग सांगितलेला नसतो, कारण तुम्ही विचारलेला नसतो. म्हणून पुन्हा एकदा जाऊन बसा आणि या वेळी दिसण्याबद्दलच विचारा. किती जणी होत्या? पायात काय होतं? साडी कुठपर्यंत होती? पाणी घोट्यापर्यंत की पोटरीपर्यंत? बांध मातीचा की दगडाचा? लांबवर काय दिसायचं? आजी ज्यांचं उत्तर ‘आठवत नाही’ असं देईल, ते चित्रात ठासून दाखवू नका. त्या जागी धुकं, पावसाच्या सरी किंवा मोकळा कागद चालेल.

तिसऱ्या गटातल्या एकीच्या आजीने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. लावणी करताना बायका मागे मागे सरकतात. पुढे गेलं तर आपणच लावलेली रोपं पायाखाली येतील. म्हणजे लावणाऱ्या बाईच्या तोंडासमोर लावलेलं शेत असतं आणि पाठीमागे मोकळा चिखल. सुरुवातीला आलेल्या एकाही चित्रात हे बरोबर नव्हतं. आणखी एक: नुकतं लावलेलं शेत हिरवंगार दिसत नाही. रोपं वीत-दीड वीत उंच, विरळ, काही कललेली, आणि मधून गढूळ पाणी दिसत असतं. दाट हिरवं शेत दिसलं तर समजायचं की चित्र श्रावणानंतरचं आहे.

इरलं कसं सांगायचं

हे थोडं सविस्तर सांगते, कारण अवजारं, भांडी, दागिने, जे काही आपल्याकडचं आहे त्या सगळ्यांना हीच रीत लागेल.

इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर बसवलेली रुंद पानं, बहुतेक ठिकाणी पळसाची. ते डोक्यावरून पाठीवर घ्यायचं. बाई वाकली की ते पाठीवर आडवं बसतं, पाऊस त्याच्यावरून घरंगळतो आणि दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. छत्रीने हे होणार नाही, म्हणून तर इरलं.

चौथ्या गटाने ‘इरलं’ हा शब्द काढून ‘पाठीवर ढालीसारखं’ असं लिहिलं. विचार अगदी बरोबर होता. पण चित्रात खरोखरच्या ढाली आल्या, पितळी गोट्यांसकट. मग ‘कासवाच्या पाठीसारखं’ लिहिलं आणि बांधावर कासव आलं. उपमा माणसाला कळते, कारण ‘सारखं’ म्हणजे ‘तेच नव्हे’ हे आपण धरून चालतो. या साधनाला मात्र ‘ढाल’ शब्द दिसला की ढालीचं रूप चित्रात झिरपतं.

म्हणून उपमा अशी निवडा की ती झिरपली तरी बिघडणार नाही. इरल्यासाठी ‘लांबट उलटी टोपली’ चालते. टोपलीही बांबूचीच, विणलेली, त्याच रंगाची. ती चित्रात उतरली तर इरल्याच्या जवळच जाईल. त्याला जोडून जागा, आकार, साहित्य आणि हात मोकळे असल्याचं सांगितलं की काम झालं:

```
प्रत्येकीच्या डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारी, बांबूच्या
कामट्या आणि सुकलेल्या रुंद पानांची लांबट उलटी टोपली.
टोपली पाठीवर टेकलेली आहे, दोन्ही हात मोकळे आहेत.
```

‘दोन्ही हात मोकळे’ या तीन शब्दांनी छत्री गेली, हे तुम्ही पडद्यावर पाहिलंत. काय नको ते सांगण्याऐवजी त्या जागी काय आहे ते सांगायचं, याचा हा चांगला नमुना आहे.

साडीचंही तसंच. ‘नऊवारी’ लिहिलं की लग्नातली पैठणी, नथ आणि अंबाडा येतो, कारण इंटरनेटवरच्या नऊवारीच्या फोटोंत तेच जास्त. त्याऐवजी लिहा: ‘फिकट सुती साडी, गुडघ्यापर्यंत आखूड, दोन पायांमधून मागे घेऊन कमरेला खोचलेली, काठ चिखलाने मळलेले.’ नाव एकदाही न घेता काष्टा येतो.

‘नको’ का चालत नाही

‘छत्री नको’ लिहिल्यावर छत्र्या वाढल्या, म्हणून पहिला गट वैतागला होता. कारण सोपं आहे. ज्या ओळींवर हे शिकलंय त्या ओळी चित्रात जे आहे त्याबद्दल असतात. बैलाच्या फोटोखाली ‘इथे हत्ती नाही’ असं कोणी लिहीत नाही. त्यामुळे ‘छत्री’ हा शब्द आला की छत्रीचं रूप जागं होतं आणि ‘नको’ला त्यामानाने जोर पडत नाही. नवी साधनं नकार बऱ्यापैकी पाळतात, पण भरवसा ठेवू नका.

काही साधनांत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो. तो असेल तर तिथे फक्त नावं लिहायची: छत्री, शंकूची टोपी, ट्रॅक्टर. तिथे पुन्हा ‘छत्री नको’ लिहिलंत तर गोंधळ होतो.

‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘भावस्पर्शी’, ‘अत्यंत तपशीलवार’ हे शब्दही काढून टाका. ते लिहिले की चेहरे गुळगुळीत होतात, साड्या नव्याकोऱ्या दिसतात आणि आभाळातून सोनेरी ऊन पडायला लागतं. आषाढातल्या लावणीच्या चित्रात ते ऊन कुठून आलं? दुःख दाखवायचं असेल तर ‘उदास’ न लिहिता करडं आभाळ, खाली झुकलेले खांदे, ओली चिंब साडी असं लिहा.

फोटोसारखं चित्र मागायचं नाही

हा माझा आग्रह आहे आणि यात बदल करणार नाही. आपलं चित्र शाईच्या रेषांचं किंवा जलरंगातलं असेल. फोटोसारखं दिसणारं चित्र उद्या कोणीतरी मोबाइलवर पुढे पाठवेल आणि वर्षभरात तो ‘कोकणातल्या लावणीचा जुना फोटो’ होऊन फिरत राहील. तुमच्या आजीची खरी आठवण आणि बनवलेला पुरावा यांत गल्लत होता कामा नये. रेखाचित्र पाहिल्यावर ते कोणीतरी काढलेलं आहे हे लगेच कळतं. शिवाय रेषांच्या चित्रात बोटं, चेहरे यांच्या चुका कमी दिसतात आणि शाळेच्या साध्या प्रिंटरवर ते चांगलं उमटतं.

‘वारली शैलीत’ असं एका गटाला हवं होतं. मला ते नको वाटतं. वारली ही एका समाजाची, त्यांच्या घरांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढली जाणारी चित्रकला आहे. भातशेतीही तिच्यात आहे, पण त्यांनी पाहिलेली. आपल्या आजीची आठवण सांगायला ती उसनी घ्यायला नको. हयात चित्रकाराचं नाव लिहून त्याच्यासारखं चित्र मागणंही टाळा. ‘काळ्या शाईच्या बारीक रेषा, त्यावर फिकट जलरंग, कागदाचा पोत दिसतोय’ एवढं पुरतं.

एक चित्र शेवटपर्यंत

आता तिसऱ्या गटाचं पहिलं चित्र आपण सुरुवातीपासून घेऊ. त्यांनी सुरुवात अशी केली होती:

```
पन्नास वर्षांपूर्वी कोकणात पावसात भातलावणी करणाऱ्या
कष्टाळू स्त्रिया, सुंदर चित्र
```

आलेल्या चित्रात शंकूच्या टोप्या घातलेल्या सात-आठ बायका होत्या, सगळ्यांचा चेहरा एकच. दाट हिरवं शेत, रंगीत साड्या, मागे नारळ आणि समुद्र. या ओळीतले शब्द एकेक करून तपासा. ‘पन्नास वर्षांपूर्वी’ हे दिसत नाही; त्याचा परिणाम झालाच तर चित्र पिवळट पडतं. ‘कोकणात’ म्हटल्यामुळे समुद्र आला. ‘कष्टाळू’ दिसत नाही. ‘सुंदर’ने साड्या रंगवल्या. म्हणजे कामाचा भाग फक्त ‘पावसात भातलावणी करणाऱ्या स्त्रिया’ एवढाच उरतो.

दुसऱ्या प्रयत्नात सुरुवातीलाच चित्राचा प्रकार, मग कोण काय करतंय, हे घेतलं. महत्त्वाचं आधी लिहा. लांब प्रॉम्प्टमध्ये शेवटी आलेल्या गोष्टी बरेचदा गळतात. बायकांची संख्या तीन ठेवली. तीन-चारपर्यंत हे साधन मोजणी पाळतं, आठ-दहा म्हटलं की साधारण घोळका काढतं. ‘भातलावणी’ऐवजी कृती लिहिली: कमरेत वाकून रोपं चिखलात रोवत आहेत. टोप्या गेल्या, पण शेत अजून दाटच होतं आणि डोक्यावर पदर होता.

तिसऱ्या प्रयत्नात फक्त इरल्याची दोन वाक्यं घातली, वर दिलेली. चौथ्यात फक्त साडीचं. एका वेळी एकच बदल करा, ही गोष्ट फार कसोशीने पाळा. मंगळवारी एका गटाने एकदम पाच बदल केले, चित्र बिघडलं, आणि कशामुळे बिघडलं ते कोणालाच सांगता आलं नाही. तोच प्रॉम्प्ट पुन्हा दिला तरी दर वेळी वेगळं चित्र येतं, कारण सुरुवातीचे ठिपके दर वेळी वेगळे असतात. काही साधनांत त्या ठिपक्यांचा क्रमांक दिसतो, त्याला सीड म्हणतात. तो टिपून ठेवून तसाच पुन्हा दिलात तर ठिपके तेच राहतात आणि चित्रात झालेला फरक तुमच्या शब्दांमुळे झाला, हे कळतं. क्रमांक दिसत नसेल तर प्रत्येक प्रॉम्प्टची दोन-तीन चित्रं काढून मगच तो चांगला की वाईट ते ठरवा. एका चित्रावरून ठरवू नका.

पाचवा प्रयत्न मागे सरकण्याचा होता आणि तोच सगळ्यात अवघड गेला. ‘बायका मागे सरकत लावणी करतात’ लिहिलं तर त्या आपल्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. स्थिर चित्रात सरकणं दिसत नाही आणि ‘मागे’ कोणाच्या मागे, हा घोळ होतो. मग त्यांनी बाईच्या बाजूने सांगणं सोडलं आणि कागदाच्या बाजूने सांगितलं: चित्राच्या पुढच्या भागात काय, मधल्या भागात काय, मागच्या भागात काय. बायकांची तोंडं आपल्याकडे ठेवली. आता पुढच्या भागात लावलेली रोपं आणि मागच्या भागात मोकळा चिखल आला की दिशा आपोआप बरोबर होते. शेवटचा प्रॉम्प्ट असा होता:

```
काळ्या शाईच्या बारीक रेषांचं चित्र, त्यावर फिकट जलरंग, आडवं.
पावसात तीन बायका आपल्याकडे तोंड करून कमरेत वाकलेल्या आहेत
आणि भाताची छोटी रोपं चिखलात रोवत आहेत. डाव्या हातात
रोपांची जुडी. प्रत्येकीच्या डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ
झाकणारी, बांबूच्या कामट्या आणि सुकलेल्या रुंद पानांची लांबट
उलटी टोपली. दोन्ही हात कामात. फिकट सुती साडी, गुडघ्यापर्यंत
आखूड, दोन पायांमधून मागे घेऊन खोचलेली. अनवाणी, गढूळ पाणी
पोटरीपर्यंत.
चित्राच्या पुढच्या भागात विरळ, वीतभर उंच रोपं, मधून तपकिरी
पाणी दिसतंय. बायकांच्या मागे रिकामा चिखल, मग मातीचा बुटका
बांध, त्यापलीकडे पावसात पुसट झालेली टेकडी. करडं आभाळ.
```

यात ‘दोन्ही हात मोकळे’चं ‘दोन्ही हात कामात’ केलं, कारण आधी डाव्या हातात जुडी सांगून लगेच हात मोकळे म्हटल्यावर जुडी गायब होत होती. प्रॉम्प्टमधली दोन वाक्यं एकमेकांना खोडत नाहीत ना, हे मोठ्याने वाचून बघा. ‘मूठ’ऐवजी ‘जुडी’ लिहिलं तेही मुद्दाम; ‘हातात मूठ’ म्हटलं की वळलेली मूठ येते. आणि ‘कोकण’ हा शब्द कुठेच नाही, तरी चित्र पाहून कोणालाही आपलाच बांध वाटेल.

या प्रॉम्प्टची त्यांनी सहा चित्रं काढली. दोनांत एका बाईला इरलं नव्हतं, एकात साडी घोट्यापर्यंत आली, एकात चौथी बाई उगवली. दोन चांगली निघाली. साधारण हे असंच चालतं, म्हणून एका चित्राला अर्धा तास धरा.

चिखलणीचं चित्र करणाऱ्या पाचव्या गटाला एक सांगणं. बैलांच्या मागे ओढली जाणारी, चिखल सपाट करणारी फळी ‘गुटा’ म्हणून येणार नाही आणि ‘बैल ओढतात’ म्हटलं की बैलगाडीची चाकं येतात. ‘दोन बैल, त्यांच्या मागे पाण्यात आडवी सपाट लाकडी फळी, फळीवर माणूस उभा, हातात दोर’ असं लिहा. माणूस फळीवर उभा राहायचा की मागून चालायचा, ते मात्र घरी विचारून या. घराघरात वेगळं उत्तर मिळेल आणि तुमच्या आजीचं जे असेल तेच चित्रात यायला हवं.

अक्षरं आपण लिहू

चित्रात पाटी, तारीख, शीर्षक मागू नका. देवनागरी मागितली की बरेचदा जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात, काही वेळा देवनागरीसारखी दिसणारी पण कोणतीच नसलेली अक्षरं येतात. मजकूर आपण फलकावर हाताने लिहिणार आहोत. चित्राच्या वर थोडी जागा हवी असेल तर ‘वरचा एक तृतीयांश भाग रिकामं करडं आभाळ’ असं लिहा.

आजीचा किंवा कोणाचाही फोटो साधनात चढवायचा नाही, नाव-गाव लिहायचं नाही. चित्रातल्या बायका कोणीही असू शकतात, आपल्याला त्यांचं काम दाखवायचं आहे. घरी स्वतःची खाती उघडू नका, बऱ्याच साधनांना वयाची अट आहे. जे करायचं ते संगणक कक्षात, मी असताना.

आजीची तपासणी

चित्र तयार झालं की आधी तुम्ही तपासा. प्रत्येक हात बोटाने मोजत बघा. कोणाचा पाय चिखलातून निघून दुसरीच्या अंगाला तर जोडला नाही ना? तीन चेहरे एकाच बाईचे तर नाहीत ना? असतील तर वयं वेगळी लिहा: एक म्हातारी, एक तरुण, एक तुमच्या वयाची. इरल्याला दांडा फुटलाय का? पाण्यात पडलेली सावली कडक उन्हासारखी आहे का? ही सगळी आपल्या शाळेत सापडलेली उदाहरणं आहेत.

मग त्याची छापील प्रत आजीकडे न्या. मोबाइलवर दाखवू नका, तिला बारीक दिसणार नाही. ‘छान आहे का’ असं विचारलंत तर ती ‘छान आहे’ म्हणेल, तुमचा हिरमोड कशाला करायचा म्हणून. ‘यात काय चुकलंय?’ असं विचारा. रविवारी एकीच्या आजीने चित्र हातात घेतलं आणि पहिलंच वाक्य म्हणाली, “हिच्या जुडीच्या मुळांना एवढी माती कशी? तरवा काढतानाच मुळं पायावर आपटून धुवून घ्यायचो आम्ही, नाहीतर जुडी उचलवत नाही.” हे तिच्या आधीच्या मुलाखतीत नव्हतं. चित्रातली चूक बघून तिला ते आठवलं. म्हणून चुकीचं चित्रही न्या, तिने सांगितलेलं लगेच लिहून घ्या आणि त्यातला दिसणारा भाग पुढच्या प्रॉम्प्टमध्ये घाला. त्या गटाने ‘जुडीची मुळं धुतलेली, पांढरट’ एवढं जोडलं.

काही गोष्टी पाच-सहा प्रयत्नांनंतरही येणार नाहीत. पायाच्या बोटांतली जोडवी, इरल्यावरच्या पानांची नेमकी बांधणी यांच्या मागे लागून तास घालवू नका. चित्र तसंच घ्या आणि ती जागा पेन्सिलीने स्वतः दुरुस्त करा, किंवा शेजारी इरल्याचं छोटं रेखाटन हाताने काढून लावा. आपल्यापैकी दोघांच्या माळ्यावर अजून इरलं आहे असं कळलंय. ते आणता आलं तर फलकाशेजारी टांगू.

प्रत्येक चित्राखाली हे शब्द येतील, त्यात काटछाट नको: ‘हे चित्र एआयच्या मदतीने काढलं आहे. वर्णन आजीच्या सांगण्यावरून. आजीने तपासून सुचवलेले बदल:’ आणि पुढे ते बदल. आजीने जे चूक म्हटलं आणि आपल्याला सुधारता आलं नाही, तेही तिथेच लिहायचं.

शुक्रवारी येताना प्रत्येक गटाने वहीत पहिल्या चित्राचे सगळे प्रॉम्प्ट क्रमाने लिहून आणावेत, प्रत्येकासमोर काय बदललं आणि काय आलं ते एका ओळीत. दुसऱ्या गटाने ‘लावणी’चं ते पहिलं चित्रही जपून ठेवावं, ते आपण पहिल्या फलकावर पहिल्या प्रॉम्प्टसकट लावणार आहोत. संगणक चारच सुरू आहेत, तेव्हा पहिले दोन गट मधल्या सुट्टीआधी, बाकीचे नंतर.

तुमच्या बाई